चित्रात आठ, पिशवीत दहा

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किटचा स्क्रीनशॉट पुढे केला, की काउंटरमागचा माणूस फोनकडे क्षणभर बघतो आणि विचारतो, "यादी आणलीय का?" चित्र बघून माल काढायला त्याला वेळ नसतो. त्याला कोणता पार्ट, किती व्हॅल्यूचा, किती व्होल्टचा आणि किती नग, एवढंच हवं असतं. कारखान्यात हीच यादी 'बिल ऑफ मटेरियल्स' किंवा 'बीओएम' म्हणून ओळखली जाते. सर्किट 'कीकॅड'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं असेल तर ती फाइलमधून आपोआप तयार होते. स्क्रीनशॉटमध्ये मात्र फाइल मागे राहिलेली असते आणि हातात फक्त चित्र उरतं. त्या चित्रातून यादी माणसालाच काढावी लागते.

LM386 ही आठ पायांची छोटी ऑडिओ अँप्लिफायर आयसी घेऊ. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर एक छोटा स्पीकर वाजवणारं हिचं सर्किट हौशी मंडळींमध्ये वर्षानुवर्षं फिरत आहे. आयसीच्या डेटाशीटमध्ये दोनशे पट गेन देणाऱ्या जोडणीचं जे चित्र आहे, त्याचेच स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवले जातात. चित्र साधं आहे. डावीकडे आवाजाचा १० किलोओहमचा पॉट, मध्ये आयसीचा त्रिकोण आणि उजवीकडे स्पीकर. बाकी ४ कपॅसिटर आणि १ रेझिस्टर. एकूण ८ वस्तू.

यादी करताना पहिलं काम लिहायचं नसून खुणा करायचं असतं. पुष्कळ स्क्रीनशॉटमध्ये पार्टच्या शेजारी नुसती व्हॅल्यू असते, R1, C1 अशी नावं नसतात. मग चित्राची प्रिंट काढून किंवा फोनवरच प्रत्येक पार्टला नाव द्यायचं. रेझिस्टरला R, कपॅसिटरला C, आयसीला U, स्पीकरला LS, पॉटला RV. नाव दिलेला पार्ट दोनदा मोजला जात नाही आणि सुटतही नाही. चित्रात नावं आधीच असतील तर त्यांचाही उपयोग होतो. C1 ते C7 दिसतात आणि C5 कुठेच नाही, तर एक तर तो मूळ आराखड्यातच गाळलेला असतो, नाही तर स्क्रीनशॉट घेताना कडेला कापला गेलेला असतो. पुष्कळदा दुसरंच घडलेलं असतं.

व्हॅल्यू वाचताना खरी गंमत सुरू होते. जुन्या दस्तऐवजांत ओहमचं Ω आणि मायक्रोचं µ ही चिन्हं 'सिम्बॉल' नावाच्या फाँटमधून घेतलेली असत. त्या फाँटमध्ये Ω हे W च्या जागी आणि µ हे m च्या जागी बसतं. दुसऱ्या मशीनवर फाँट सापडला नाही, की ओहमच्या जागी W उमटतो आणि मायक्रोफॅरडचा मिलिफॅरड होतो. अशा चित्रात '10 W' वाचून एखादा नवशिका दुकानात दहा वॉटचा रेझिस्टर मागतो आणि दुकानदार विचारतो, "व्हॅल्यू कोणती?" प्रश्न बरोबरच आहे. तिथे पाहिजे असतो दहा ओहमचा पाव वॉटवाला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा रेझिस्टर. तसंच '250 mF' दिसलं तर थबकायचं. खरोखरचे अडीचशे मिलिफॅरड म्हणजे पाव फॅरड, आणि एवढा कपॅसिटर खिशातल्या अँप्लिफायरमध्ये कुणी घालत नाही.

दशांशचिन्ह हा दुसरा सापळा. चित्र दाबून छोटं केलं की टिंब पुसलं जातं आणि 4.7k चा 47k होतो. म्हणूनच जाणकार ड्राफ्ट्समन 4k7 किंवा 2R2 असं लिहितात. टिंबाच्या जागी अक्षर आलं की ते हरवत नाही. यादी करणाऱ्यानेही हीच पद्धत वापरावी, कारण ती यादीसुद्धा पुढे फोटो काढूनच पाठवली जाणार असते.

आता LM386 च्या चित्रातल्या दोन व्हॅल्यूंकडे वळू. आउटपुटला दहा ओहमच्या जोडीला 0.05 µF चा कपॅसिटर आहे आणि स्पीकरच्या वाटेवर 250 µF चा. यादीत या तशाच उतरवल्या तर दुकानात दोन्ही सहसा मिळत नाहीत. पार्ट कोणत्याही आकड्याचे बनत नाहीत, ते ठरलेल्या मालिकांमध्ये येतात. कपॅसिटर बहुधा १०, १५, २२, ३३, ४७, ६८ आणि त्यांच्या दहापटी-शंभरपटींमध्ये मिळतात. म्हणून 0.05 च्या जागी 0.047 µF घ्यायचा, त्याच्या अंगावर 473 छापलेलं असतं. ४७ पुढे तीन शून्यं, इतके पिकोफॅरड, असा त्याचा अर्थ. 250 च्या जागी 220 µF. याने फरक पडतो का? आठ ओहमच्या स्पीकरबरोबर २५० मायक्रोफॅरड साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कापायला लागतो, २२० घेतला तर ९० हर्ट्झच्या. तीन इंची स्पीकर एवढा खालचा खर्ज मुळात काढत नाही, त्यामुळे कानाला काही कळणार नाही. मात्र यादीत 'चित्रात 250, घेतला 220' असा शेरा हवा. नाही तर महिन्याभराने तीच यादी बघणाऱ्याला ती चूक वाटेल.

चौथ्या कपॅसिटरची भानगड वेगळी. सातव्या पायाला तो काढलेला असतो, शेजारी 'BYPASS' लिहिलेलं असतं आणि व्हॅल्यू नसते. अशा ठिकाणी अंदाजाने आकडा भरण्याचा मोह होतो. त्याऐवजी डेटाशीटची पुढची पानं उघडावीत. सप्लायमधली खरखर आयसी किती अडवते याची मोजणी तिथे दिलेली आहे आणि ती सातव्या पायाला १० मायक्रोफॅरड जोडून केलेली आहे. म्हणजे १० घेणं सुरक्षित. पहिल्या आणि आठव्या पायाच्या मध्येही १० मायक्रोफॅरडच आहे, त्यामुळे यादीत दोन ओळी होण्याऐवजी एकच ओळ होते: C1, C2, नग २. नग हा रकाना असाच भरायचा असतो. सारखी व्हॅल्यू, सारखं व्होल्टेज, सारखा प्रकार असेल तरच पार्ट एका ओळीत येतात. त्यातलं एक जरी वेगळं असेल तर ओळ वेगळी.

व्होल्टेज तर चित्रात जवळपास कधीच नसतं. ते सप्लायवरून काढायचं. नऊ व्होल्टच्या बॅटरीला १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक पुरतो, २५ व्होल्टचा घेतला तरी बिघडत नाही, फक्त आकार थोडा वाढतो. ६.३ व्होल्टचा मात्र चालणार नाही. आयसीच्या नावाची शेपटीही चित्रात गायब असते. LM386N-1 ला १२ व्होल्टपर्यंतचा सप्लाय चालतो, LM386N-4 ला १८ पर्यंत. नावात N च्या जागी M आला तर ती पृष्ठभागावर चिकटवायची बारीक आयसी, ब्रेडबोर्डच्या भोकांत ती बसणारच नाही.

आणि मग चित्रात नसलेल्या गोष्टी. डेटाशीटचं चित्र सहाव्या पायाला 'सप्लाय' लिहून मोकळं होतं. प्रत्यक्षात बॅटरी थोडी उतरली किंवा वायर लांब असली की हे सर्किट फट्‌फट्‌ असा आवाज करत डोलायला लागतं. म्हणून सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक आणि आयसीच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक लावण्याचा रिवाज आहे. ते दोन धरून यादी अशी उभी राहते:

| खूण | पार्ट | व्हॅल्यू, रेटिंग | नग |
|---|---|---|---|
| U1 | आयसी | LM386N-1, आठ पायांची | १ |
| RV1 | पॉट | १० किलोओहम, लॉग | १ |
| R1 | रेझिस्टर | १० ओहम, पाव वॉट | १ |
| C1, C2 | इलेक्ट्रोलिटिक | १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट | २ |
| C3 | कपॅसिटर | ०.०४७ मायक्रोफॅरड (473) | १ |
| C4 | इलेक्ट्रोलिटिक | २२० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट | १ |
| C5 | इलेक्ट्रोलिटिक | १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट | १ |
| C6 | सिरॅमिक | ०.१ मायक्रोफॅरड (104) | १ |
| LS1 | स्पीकर | ८ ओहम | १ |

ओळी ९, नग १०. आयसीचा बेस, बॅटरी आणि तिची क्लिप हे सर्किटचे पार्ट नसले तरी खाली वेगळे लिहायचे, कारण दुकानाची फेरी त्यांच्यासाठीच पुन्हा पडते.

यादी पुरी झाली की तपासायची कशी? खुणांची संख्या आणि नगांची बेरीज जुळली पाहिजे, हे झालं सोपं. दुसरी तपासणी जास्त उपयोगी आहे: आयसीच्या पायांवरून एक फेरी मारायची. १ आणि ८ मध्ये C1. २ आणि ४ ग्राउंडला. ३ ला पॉटचा मधला पाय. ५ ला R1 आणि C3 ची जोडी, शिवाय C4 मार्गे स्पीकर. ६ ला सप्लाय, C5 आणि C6. ७ ला C2. आठही पायांचा हिशेब लागला आणि यादीतला एकही पार्ट बिनपत्त्याचा उरला नाही, म्हणजे मोजणी ठीक.

मोजणी फसते ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी. एक म्हणजे एकाच आयसीत अनेक भाग असतात तेव्हा. चित्रात U1A, U1B, U1C, U1D असे चार गेट चार कोपऱ्यांत दिसतात आणि माणूस चार आयसी लिहितो. CD4011 च्या एकाच आयसीत चार नँड गेट असतात, म्हणून नग १. अशा चित्रांत तिचे सप्लायचे पाय पुष्कळदा दाखवलेलेच नसतात. दुसरं ठिकाण म्हणजे चित्राखालची ती छोटी ओळ, 'दुसरा चॅनेल असाच'. स्टिरिओ करायचं तर वरच्या दहा नगांचे वीस होतील असं वाटतं, पण तसं होत नाही. आयसी दोन, R1, C3 आणि C4 सारखे प्रत्येकी दोन, १० मायक्रोफॅरडचे चार, ०.१ चे दोन, स्पीकर दोन. पॉट मात्र एकच, दोन पॉट एका दांडीवर असलेला ड्युअल. सप्लायवरचा १०० मायक्रोफॅरडचाही एकच. बेरीज अठरा.

ती छोटी ओळ, कडेच्या टिपा, खालची 'सर्व रेझिस्टर पाव वॉट' अशी सूचना, हे सगळं स्क्रीनशॉट घेताना सर्वांत आधी कापलं जातं. तेव्हा कुणाला सर्किट पाठवायचं असेल तर चित्राभोवतीचं अख्खं पान घ्या, आणि जमलं तर स्क्रीनशॉटऐवजी मूळ पीडीएफच पाठवा.