डिलीट झालेली फाइल आणि डिस्कवरची मोकळी जागा

हार्ड डिस्कवरून फाइल डिलीट केली, की तिच्यातला मजकूर पुसला जात नाही. रद्द होते ती फक्त त्याची नोंद. विंडोजच्या बहुतेक हार्ड डिस्कवर ‘एनटीएफएस’ नावाची फाइल-व्यवस्था असते. तिच्या मुख्य नोंदवहीत प्रत्येक फाइलसाठी सहसा 1,024 बाइटची एक नोंद असते. फाइलचे नाव, तारखा, आकार आणि तिचा मजकूर डिस्कवर कुठे ठेवला आहे याचे पत्ते या नोंदीत असतात. मजकूर ठेवण्यासाठी डिस्कचे छोटे कप्पे पाडलेले असतात. त्यांना क्लस्टर म्हणतात आणि एक क्लस्टर सहसा 4,096 बाइटचा असतो. 6 एमबीचा एक फोटो असे सुमारे दीड हजार क्लस्टर व्यापतो.

फाइल डिलीट होते तेव्हा फोल्डरच्या यादीतून तिचे नाव निघते, तिची नोंद ‘वापरात नाही’ अशी ठरते आणि तिचे क्लस्टर ‘मोकळे’ म्हणून मांडले जातात. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले तरी जमीन जागच्या जागी राहते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच 40 जीबीची फाइल कॉपी व्हायला बराच वेळ लागतो, पण डिलीट व्हायला क्षणभर पुरतो. रिसायकल बिनमध्ये गेलेल्या फाइलचे तर एवढेही झालेले नसते. ती तिथून सरळ परत आणता येते. बिन रिकामी केली किंवा शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबली, की मात्र वरची क्रिया घडते.

खरा धोका यानंतर सुरू होतो. मोकळे ठरलेले क्लस्टर पुढच्या कोणत्याही फाइलला दिले जाऊ शकतात. त्यावर एकदा नवे लिखाण झाले, की आजच्या हार्ड डिस्कवरचा तिथला जुना मजकूर प्रयोगशाळेतही परत मिळत नाही. हे लिखाण माणसानेच करावे लागते असेही नाही. ब्राउजर उघडला की तो पानांच्या प्रती साठवतो, फोटोंचे फोल्डर उघडले की छोटी चित्रे तयार होतात, विंडोज अपडेट उतरवून घेते आणि अँटिव्हायरस आपल्या नोंदी लिहितो. विंडोज ज्या डिस्कवर आहे तिच्यावर तर संगणक नुसता चालू असला तरी लिखाण होत राहते.

नुकसान कसे होते ते एका उदाहरणावरून पाहू. संगणकात 1 टीबीची दुसरी हार्ड डिस्क आहे आणि तिला D: हे अक्षर आहे. तिच्यावरचे लग्नाचे 1,200 फोटो, प्रत्येकी सुमारे 6 एमबीचे, म्हणजे एकूण 7 जीबीचा ऐवज शिफ्ट-डिलीटने गेला. चूक लक्षात येताच घाईने फाइल परत मिळवणारे एक सॉफ्टवेअर D: वरच बसवले. त्याच्या 250 लहान फाइल आहेत आणि त्या मिळून 100 एमबीच्या आहेत. नव्या फाइलसाठी एनटीएफएस नोंदवहीतल्या रिकाम्या झालेल्या नोंदी पुन्हा वापरते. त्यामुळे 250 फोटोंच्या नोंदी एका झटक्यात जाऊ शकतात. त्या फोटोंचा मजकूर डिस्कवर शाबूत असला, तरी तो कुठे आहे हे सांगणारे काही उरत नाही. उलट 100 एमबीचा मजकूर सलगपणे फोटोंच्याच जागेवर पडला, तर सोळा-सतरा फोटो पुरते जातील. थोडक्यात, पुष्कळ लहान फाइल लिहिल्या की नावे आणि पत्ते जातात, मोठी फाइल लिहिली की मजकूर जातो.

याहून मोठी चूक पुढे होते. सापडलेले फोटो पुन्हा D: वरच साठवले, तर वाचवलेला प्रत्येक फोटो अजून न वाचवलेल्या फोटोच्या जागेवर बसू शकतो. मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ हे साधन याच कारणासाठी ज्या ड्राइव्हवर शोध घ्यायचा तिच्याहून वेगळी ड्राइव्ह साठवणीला मागते.

म्हणून पहिली पायरी म्हणजे थांबणे. डिस्क बाहेरून जोडलेली असेल तर ती ‘इजेक्ट’ करून काढावी. आतली असेल तर संगणक बंद करावा. बंद होतानाही थोडे लिखाण होते, पण चालू ठेवण्यापेक्षा ते कमीच. त्यानंतर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी किंवा पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने तोच संगणक सुरू करावा. डिस्क जोडल्यावर विंडोजने ‘स्कॅन अँड फिक्स’ किंवा फॉरमॅट करण्याविषयी विचारले तर नकार द्यावा. दुरुस्ती हेही लिखाणच असते.

दुसरी पायरी म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढणे. या प्रतीला इमेज म्हणतात. तिच्यात मोकळ्या ठरलेल्या जागेतला मजकूरही उतरतो. लिनक्सवर त्यासाठी ही आज्ञा चालते:

```
sudo ddrescue -d /dev/sdb /mnt/prat/disk.img /mnt/prat/disk.map
```

इथे `/dev/sdb` ही फोटो गेलेली डिस्क आहे आणि `/mnt/prat` ही तिच्या आकाराहून अधिक मोकळी जागा असलेली दुसरी डिस्क. कोणती डिस्क कोणत्या नावाने दिसते ते आधी `lsblk` या आज्ञेने तपासावे, कारण नावांची अदलाबदल झाली तर हव्या त्या डिस्कवरच लिखाण होईल. सेकंदाला 100 ते 150 एमबी वेगाने 1 टीबीला दोन ते तीन तास लागतात. यापुढचा सगळा शोध या प्रतीवर घेता येतो. एक प्रयत्न फसला तरी मूळ डिस्क तशीच राहते.

शोध दोन प्रकारे होतो. आधी रद्द झालेल्या नोंदी वाचल्या जातात. ‘टेस्टडिस्क’सारखे मोफत साधन हे काम करते. नोंद शाबूत असेल तर फाइल मूळ नावानिशी मिळते. नोंद गेली असेल तर मजकुराच्या खुणेवरून शोध घ्यावा लागतो. प्रत्येक जेपीईजी फोटो `FF D8 FF` या तीन बाइटनी सुरू होतो. ‘फोटोरेक’ हे साधन मोकळ्या जागेत अशी सुरुवात शोधते आणि तिथून पुढचा मजकूर उचलते. मात्र या फाइलना जुनी नावे नसतात, आणि जो फोटो डिस्कवर तुकड्यातुकड्यांत ठेवलेला होता तो बहुधा अर्धवटच हाती लागतो.

मिळालेली फाइल खरोखर शाबूत आहे का, हे नावावरून किंवा आकारावरून कळत नाही. ती उघडून पाहावी लागते. फोटोचा वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि खालचा भाग करड्या पट्ट्यात किंवा विस्कटलेल्या रंगांत संपतो, तेव्हा तिथल्या क्लस्टरवर दुसरे काही लिहिले गेले आहे किंवा पुढचा तुकडा दुसरीकडे आहे असे समजावे. फोटो मुळीच उघडत नसेल आणि त्यात सगळीकडे शून्येच असतील, तर मजकूर गेलेला आहे.

एसएसडीवर हे शेवटचे चित्र नेहमीचे आहे. फाइल डिलीट होताच विंडोज ‘ट्रिम’ या आज्ञेने ती जागा नको असल्याचे एसएसडीला कळवते आणि त्यानंतर तिथून सहसा शून्येच वाचली जातात. त्यामुळे एसएसडीवर लिखाण लगेच थांबवले तरी यशाची आशा फार कमी असते. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर बिघाड यंत्राचा आहे. तेव्हा कोणतेही सॉफ्टवेअर चालवू नये. वीज तोडून डिस्क तज्ज्ञांच्या हाती द्यावी.