टाइम्स न्यू रोमनमधली मराठी

आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल दरवर्षी मीच टाइप करतो. यंदा तो माझ्या लॅपटॉपवर बरोबर आठ पानांत बसला. खजिनदार काकूंच्या घरी उबुंटू आहे, तिथे लिब्रे ऑफिसमध्ये तीच फाइल उघडली तर नऊ पानं आणि वर चार ओळी. अक्षरांचं वळण वेगळं, ठरावांचे मथळे एका पानाच्या तळाशी आणि मजकूर पुढच्या पानावर. गंमत अशी, की इंग्रजीत लिहिलेले पत्ते आणि नोंदणी क्रमांक जिथल्या तिथे होते. बिघडली होती ती फक्त मराठी.

"तुम्ही फाँट कुठला वापरलाय?" काकूंनी फोनवर विचारलं. मी सगळा मजकूर निवडून फाँटच्या चौकटीत पाहिलं आणि सांगितलं, टाइम्स न्यू रोमन. बोलता बोलताच चूक लक्षात आली. टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरं नाहीतच. 'अ' सुद्धा नाही. मग आठ पानं मराठी मला इतके दिवस दिसत होती ती कुणाची?

ती उसनी होती. फाइलीत नोंदवलेल्या फाँटात एखादं अक्षर नसलं, की प्रोग्राम संगणकावरचा दुसरा एखादा फाँट शोधतो, त्यातून ते अक्षर आणतो आणि गप्प बसतो. चौकटीत नाव मूळ फाँटचंच राहतं. माझ्या विंडोजवर ही उसनवारी मंगलकडून झाली होती, काकूंच्या उबुंटूवर लोहित देवनागरीकडून. दोन्हींची अक्षरं वेगवेगळ्या रुंदीची, ओळींची उंचीही वेगळी. आठाची नऊ पानं व्हायला एवढं पुरेसं आहे.

खरा फाँट कुठला ते बघायची एक सोपी युक्ती आहे. फाइलीची पीडीएफ काढायची, ती अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडायची आणि Properties मधल्या Fonts या पानावर जायचं. पीडीएफला प्रत्यक्ष वापरलेल्या फाँटचं नाव सांगावंच लागतं. माझ्या यादीत मंगल होता आणि मी तो कधीही निवडला नव्हता.

आता मूळ मुद्दा. वर्डमध्ये किंवा लिब्रे ऑफिसमध्ये आपण एका मजकुराला एक फाँट देतो असं आपल्याला वाटतं. आतमध्ये मात्र प्रत्येक मजकुरापाशी फाँटचे वेगवेगळे रकाने असतात: एक लॅटिनचा, एक चिनी-जपानी लिप्यांचा आणि एक 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा, म्हणजे आपला. अरबी, हिब्रू, थाई आणि भारतीय लिप्या या तिसऱ्या रकान्यात येतात. लिपीला कॉम्प्लेक्स म्हणण्यात हिणवणं काही नाही. आमच्या अहवालाचं पहिलंच अक्षरपुंज घ्या: 'वार्षिक'. टाइप करताना 'र' आधी येतो, मग 'ष', मग ऱ्हस्व इकार. कागदावर मात्र इकार 'ष'च्या डावीकडे उडी मारतो आणि 'र' रफार होऊन डोक्यावर चढतो. ही फिरवाफिरवी प्रोग्रामला करावी लागते, म्हणून अशा लिप्यांची वाट वेगळी काढली आहे. वेगळ्या वाटेबरोबर फाँटचं नाव वेगळं, आकार वेगळा, इतकंच काय, ठळकपणाही वेगळा नोंदवला जातो.

डॉक्स फाइल म्हणजे खरं तर झिप केलेलं गाठोडं. तिच्या एका प्रतीच्या नावाचा शेवट .zip असा केला, तर आतलं document.xml उघडता येतं. नीट बांधलेल्या मजकुरापाशी हे दिसतं:

```xml
<w:rFonts w:ascii="Times New Roman"
          w:hAnsi="Times New Roman"
          w:cs="Mukta"/>
<w:sz w:val="24"/>
<w:szCs w:val="26"/>
```

इथला `cs` म्हणजे मराठीचा रकाना. आकार अर्ध्या पॉइंटांत मोजलेले आहेत, म्हणून २४ म्हणजे इंग्रजी १२ पॉइंट आणि २६ म्हणजे मराठी १३ पॉइंट. माझ्या अहवालात `cs`समोरही टाइम्स न्यू रोमनच होतं. मीच सगळा मजकूर निवडून ते नाव दिलं होतं आणि वर्डने ते मुकाट्याने तिन्ही जागी लिहिलं. एखाद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने आपोआप बनवलेल्या फाइलींत याच्या उलट घडतं. तिथे फक्त लॅटिनचे रकाने भरलेले असतात, त्यामुळे १४ पॉइंट ठळक सांगितलेलं शीर्षक इंग्रजीत १४ ठळक येतं आणि मराठीत बारीक, सपक. 'मराठी बोल्ड होत नाही' ही तक्रार ऐकू आली की मी आधी इथेच संशय घेतो. ठळकपणाचीही `b` आणि `bCs` अशी दोन खाती आहेत.

दुरुस्ती वर्डमध्ये अशी केली. File, मग Options, मग Language इथे लिहिण्याच्या भाषांमध्ये मराठी घातली आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडलं. ही पायरी गाळली तर पुढचं काहीच सापडत नाही, कारण कॉम्प्लेक्स लिपीची भाषा चालू केल्याशिवाय वर्ड तो रकाना दाखवतच नाही. त्यानंतर मजकुराला हात न लावता Normal या स्टाइलवर राइट क्लिक करून Modify, तिथून Format आणि Font. आता खिडकीत वर Latin text आणि खाली Complex scripts अशा दोन जागा दिसतात. वर टाइम्स न्यू रोमन १२, खाली मुक्त १३.

मुक्त हा मुंबईच्या एक टाइपचा खुल्या परवान्याचा फाँट आहे, फुकट मिळतो आणि दोन्ही संगणकांवर टाकता येतो. १३ कुठून आलं? डोळ्यांनी ठरवलं. 'सभासद क्र. B-12' अशी मिश्र ओळ छापून बघितली. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची इंग्रजीच्या शेजारी खुजी वाटू नये, एवढीच कसोटी. दुसरा फाँट घेतला तर आकडा बदलतो. विंडोजबरोबर येणारा कोकिला १२ ला ठेवला तर इंग्रजीसमोर अगदीच किडमिडा दिसतो, तो बराच वाढवावा लागतो. मंगलचं उलटं दुखणं आहे. त्याच्या ओळी उंच, त्यामुळे परिच्छेदात एखादीच ओळ मराठी असेल तर तेवढीच ओळ फुगते. त्यावर Paragraph मध्ये ओळीचं अंतर Exactly करून ठरावीक पॉइंट देणं हा उपाय आहे, पण अंतर कमी पडलं तर वरच्या मात्रा आणि रफार छाटले जातात. छापून बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

स्टाइल बदलली तरी माझा मजकूर हलला नाही. कारण मी वरून, थेट मजकुरावर फाँट दिला होता आणि थेट दिलेलं स्टाइलवर मात करतं. मजकूर निवडून Ctrl+Space दाबलं की असं वरवरचं रंगकाम उतरतं आणि खालची स्टाइल दिसते. त्यात हाताने केलेला ठळकपणाही गेला, ठरावांचे क्रमांक पुन्हा ठळक करत बसलो. मथळ्यांच्या Heading स्टाइल वेगळ्या दुरुस्त कराव्या लागल्या, त्यांचा मराठी फाँट थीमकडून येत होता आणि तिथे पुन्हा मंगलच बसलेला.

लिब्रे ऑफिसमध्ये हेच काम Tools, Options, मग भाषांच्या पानावर सुरू होतं. तिथे CTL साठी मराठी निवडायची. हिंदी निवडून भागवू नका. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीहून वेगळी आहेत, आणि काही फाँटांत दोन्ही वळणं असतात. कुठलं दाखवायचं हे मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं. 'ल' परका वाटला की आधी भाषा तपासावी. मग Writer च्या पानावर Basic Fonts (CTL) इथे नव्या फाइलींसाठी मराठी फाँट ठरवता येतो, आणि हातातल्या फाइलीसाठी Default Paragraph Style मध्ये.

दोन्ही रकाने नीट भरले तरी एक चोरवाट उरते. पूर्णविराम, कंस, 1, 2, 3 हे आकडे, मधली मोकळी जागा ही चिन्हं कुठल्याच एका लिपीची नाहीत. वर्ड ती सहसा लॅटिन रकान्यात टाकतं. पण मजकुरावर कॉम्प्लेक्सची खूण असेल, तर त्यातलं सगळंच मराठी फाँटात जातं. अशी खूण मराठी कीबोर्डने टाइप करताना लागू शकते. म्हणून एकाच पानावर दोन तऱ्हांचे पूर्णविराम दिसतात: टाइप केलेला एक, दुसरीकडून आणून चिकटवलेला दुसरा. निदान पूर्णविरामांत फार फरक दिसू नये म्हणून लॅटिनच्या रकान्यातही मुक्तच ठेवायचा, हा सोपा मार्ग आहे. त्यात इंग्रजी अक्षरंही आहेत. मी हट्टाने टाइम्स ठेवला, कारण आमच्या अध्यक्षांना इंग्रजी त्याच अक्षरात आवडतं.

काकूंच्या संगणकावर मुक्त टाकणं सोपं होतं, पण अहवाल चाळीस सभासदांना जाणार. वाचायचाच असेल तर पीडीएफ पाठवावी, फाँट तिच्यात बंदिस्त जातो. ज्यांना फाइलीत दुरुस्ती करायची त्यांच्यासाठी वर्डच्या Options मधल्या Save पानावर Embed fonts in the file ला खूण करायची. त्याखालची 'फक्त वापरलेली अक्षरं' ही खूण मात्र टाळावी. नाहीतर समोरच्याने 'ऋ' टाइप केला आणि तो अहवालात कुठेच नसला, तर पुन्हा उसनवारी सुरू. लिब्रे ऑफिसमध्ये ही सोय File मधल्या Properties च्या Font पानावर आहे, आणि तिथेही लॅटिन, आशियाई आणि कॉम्प्लेक्स यांच्या खुणा वेगवेगळ्या. कॉम्प्लेक्सची खूण राहिली तर फाइल फुगते आणि आत मराठी फाँट नसतोच. काही फाँटांचा परवाना असं बसवू देत नाही, तिथे प्रोग्राम तो फाँट वगळतो.

एवढं केल्यावर दोन्हीकडे आठ पानं आली. फक्त शेवटच्या परिशिष्टात, जमाखर्चाच्या तक्त्यात, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी झाली होती. तो तक्ता दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फाइलीतून आणलेला, जुन्या श्रीलिपी-कृतिदेवच्या पठडीतल्या फाँटातला. त्या फाँटांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. वर्डच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच, त्यामुळे त्याचा फाँट लॅटिन रकान्यात होता आणि माझ्या Ctrl+Space ने तो पुसला गेला. Ctrl+Z ने तक्ता परत आला. युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण त्यांनंतर जोडाक्षरं एकेक तपासावी लागतात. तक्ता पाऊण पानाचाच होता. काकूंनी आकडे वाचून दाखवले आणि मी तो नव्याने टाइप केला.