नकार देणाऱ्या कंपनीत पुन्हा अर्ज करताना

कंपनीने नकार कळवला की आपला अर्ज केराच्या टोपलीत गेला, असं बहुतेकांना वाटतं. मोठ्या कंपन्यांत सहसा तसं होत नाही. तिथे उमेदवारांची नोंद भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये राहते. पुन्हा अर्ज केला की ईमेल किंवा मोबाइल नंबर जुळतो आणि एचआरसमोर जुनी नोंद उघडते: कोणत्या पदासाठी आला होता, कोणत्या फेरीत थांबला, मुलाखत घेणाऱ्याने काय शेरा मारला. दुसऱ्या अर्जाने उत्तर द्यायचं असतं ते या शेऱ्याला.

काही जण जुनी नोंद लपवायला नवा ईमेल काढतात. हे करू नका. ‘यापूर्वी अर्ज केला होता का?’ हा प्रश्न अनेक फॉर्मांत असतो. तिथे खोटं लिहिलेलं पुढे पडताळणीत सापडलं, तर हाती आलेली ऑफरही जाऊ शकते.

मग थांबायचं किती? आयटी कंपन्यांत याला ‘कूलिंग पीरियड’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो सहा महिन्यांचा असतो, काही ठिकाणी वर्षाचा. त्याआधी केलेला अर्ज कुणी न वाचताच बाजूला पडू शकतो, म्हणून नकाराची मेल आली की मुदत एचआरला विचारून घ्यावी. नकाराचं कारण मात्र बहुधा कुणी सांगत नाही. ते आपणच शोधायचं, आणि त्यासाठी मुलाखतीच्या दिवशीच संध्याकाळी सगळे प्रश्न वहीत उतरवून ठेवावेत. आठवड्याने आठवतात ते फक्त जमलेले प्रश्न.

एक उदाहरण घेऊ. नाशिकची एक मुलगी, दोन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग केलेली, पुण्यातल्या एका कंपनीच्या तांत्रिक फेरीत अडते. प्रश्न असा: सर्व ग्राहकांची यादी काढा आणि ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांची ऑर्डरही शेजारी दाखवा. ज्यांची ऑर्डरच नाही, तेही यादीत हवेत. तिने डेटाबेसमधली दोन टेबलं लेफ्ट जॉइनने जोडली, ते बरोबर होतं. पण पैसे भरल्याची अट शेवटी लिहिली:

```sql
WHERE o.status = 'PAID'
```

ज्याची ऑर्डर नाही, त्याच्या ओळीत ही जागा रिकामी असते. रिकामी जागा ‘PAID’ होत नाही, त्यामुळे ते ग्राहक यादीतून गळाले. अट `ON` मध्ये, म्हणजे टेबलं जोडतानाच, घालायला हवी होती. मुलाखतकाराने विचारलं, ‘यादी कमी का आली?’ तिला सांगता आलं नाही. माझ्या मते ती अडली ती इथेच. चूक कुणाचीही होते, पण टेस्टरला आलेल्या उत्तराचा संशय यायला हवा.

आठ महिन्यांनी ती पुन्हा अर्ज करते. ‘मी एसक्यूएलचा कोर्स केला’ एवढ्याने भागणार नाही, कारण प्रमाणपत्र दाखवणारे शंभर असतात. तिने सोबतच्या पत्रात लिहावं ते असं: ‘मार्चमध्ये याच पदासाठी माझी मुलाखत झाली होती. डेटाबेसच्या प्रश्नांत मी कमी पडले. त्यानंतर सध्याच्या कामात महिनाअखेरच्या रिपोर्टची तपासणी मी मागून घेतली. स्क्रीनवरचे आकडे मी आता स्वतः क्वेरी लिहून ताडून पाहते.’ काय कमी होतं, त्यावर काय केलं आणि ते रोजच्या कामात कुठे दिसतं, हे चार वाक्यांत आलं. जुन्या मुलाखतकाराबद्दल तक्रार नाही, घरच्या अडचणींची कहाणीही नाही.

मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘या तपासणीत काय सापडलं?’ इथे एक खरी चूक तपशिलाने सांगता यायला हवी. आकडा कुठे चुकला, लक्षात कसा आला, कुणाला कळवलं. कंपनीचा गोपनीय डेटा तेवढा सांगायचा नाही. इथे गडबडलं, तर पत्र कुणाकडून तरी लिहून घेतलंय हे समोरच्याला लगेच कळतं.

प्रत्येक नकार कौशल्यामुळेच येतो असं नाही. आपल्याकडे नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडवर कितीतरी चांगले उमेदवार अडतात. तसं असेल तर बदललेली गोष्ट एका ओळीची असते: ‘राजीनामा दिला आहे, शेवटचा दिवस १५ तारीख.’ ती ओळ अर्जात अगदी वर हवी. आणि जागाच रद्द झाली होती असं कळलं, तर बदल दाखवायची गरज नाही. त्याच एचआरला जुन्या अर्जाची आठवण देऊन नवी जागा निघाली का, एवढंच विचारावं.

सगळ्यांत अवघड असतो तो पहिल्याच चाळणीत आलेला नकार. तिथे शेरा बहुधा नसतोच. अशा वेळी जाहिरातीतल्या अटी आणि आपला बायोडेटा शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहावं. चार वर्षांचा अनुभव मागितला असेल आणि आपला दोनच वर्षांचा असेल, तर सहा महिन्यांनी तो अडीच होतो. तिथे त्याच पदाऐवजी एक पायरी खालच्या पदासाठी अर्ज करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.