पाचशे शब्दांत ‘बनगरवाडी’

अभिजात कादंबरीचे परीक्षण लिहा, त्यात कथानक, आशयसूत्र आणि पात्रांचा विकास यांचा विचार करा, मर्यादा पाचशे शब्द. मराठीच्या विद्यार्थ्यांना असा स्वाध्याय दिला जातो आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. गोष्ट सांगता सांगताच साडेतीनशे शब्द संपतात आणि उरलेल्या दोन्ही मुद्द्यांना एकेक घाईचा परिच्छेद मिळतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) परीक्षणासाठी घेतली, तर हे कसे टाळायचे ते नीट दिसते. कादंबरी छोटी आहे, पण प्रसंगांनी आणि माणसांनी गच्च भरलेली आहे.

परीक्षणात कथानक आधी येत असले, तरी तयारी आशयसूत्रापासून करावी. कादंबरी शेवटी काय म्हणते, ते एका वाक्यात लिहून ठेवावे. ‘बनगरवाडी’साठी ते असे होऊ शकेल : माणसांच्या कष्टांनी गाव उभे राहते, पण त्याचे टिकणे पावसाच्या हाती असते. ‘ग्रामीण जीवनाचे प्रभावी चित्रण’ हे आशयसूत्र नव्हे. जे वाक्य दुसऱ्या दहा कादंबऱ्यांना जसेच्या तसे लागू पडते, ते खोडलेलेच बरे.

हे वाक्य हाती आले की कथानकातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे ते ठरते. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर राजाराम हा तरुण मास्तर नेमला जातो. मुले मेंढरांमागे जात असल्याने शाळा ओस पडलेली असते. कारभाऱ्याच्या साहाय्याने तो शाळा सुरू करतो, गावकऱ्यांची बारीकसारीक कामे करू लागतो, वाडीत तालीम बांधण्याचा विचार मांडतो. तालीम उभी राहते. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडून जातात आणि मास्तरांनाही निघावे लागते. एवढा गोषवारा दीडशे शब्दांच्या आत बसतो. आनंदा रामोशी, आयबू, रामा बनगर यांचे प्रसंग वाचनीय असले, तरी ते सगळे गोषवाऱ्यात घेण्याची गरज नाही. लिहून झाल्यावर ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘पुढे’ हे शब्द मोजावेत. ते दर वाक्याला येत असतील, तर परीक्षणाची जागा गोष्टीने घेतली आहे असे समजावे.

आशयाच्या परिच्छेदाला पुरावा लागतो आणि शब्द मोजके असल्याने एकच प्रसंग जवळून दाखवणे परवडते. शेकूचा प्रसंग इथे कामी येतो. त्याच्याकडे एकच बैल असतो, म्हणून जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको उभी राहते आणि औत ओढते. माडगूळकर या दृश्यावर हळहळत नाहीत; ते फक्त दाखवतात. परीक्षणात दोन गोष्टी नोंदवता येतात : या माणसांना कष्टाचे भय नाही, आणि एवढे कष्ट करूनही दुष्काळापुढे त्यांचा इलाज चालत नाही. वरचे आशयसूत्र या एका प्रसंगातून सिद्ध होते. शिवाय लेखकाच्या संयत शैलीबद्दलही वेगळा परिच्छेद न लिहिता बोलून होते.

पात्रांच्या विकासाच्या नावाखाली बहुधा स्वभाववर्णन लिहिले जाते. ‘मास्तर प्रेमळ आणि कष्टाळू आहेत’ या वाक्यात विकास नाही. विकास दाखवायचा तर पात्र सुरुवातीला कुठे होते, कशामुळे हलले आणि शेवटी कुठे पोहोचले, हे तीन टप्पे यायला हवेत. राजाराम येतो तेव्हा बावरलेला, परका नोकरदार असतो. लोकांच्या अडीअडचणीत पडता पडता तो वाडीचा माणूस होतो. शेवटी वाडीच रिकामी होते आणि त्याने मिळवलेल्या स्थानाला अर्थ उरत नाही. कारभाऱ्याचे उदाहरण छोट्या जागेत उपयोगी पडते : मास्तरांचा हा आधारस्तंभ आपली मुलगी अंजी हिच्यावरून त्यांच्याविषयी गैरसमज करून घेतो. बाकीची माणसे फारशी बदलत नाहीत, हेही स्पष्ट लिहावे. या कादंबरीत बदल घडतो तो मुख्यतः गावात. शिवाय कथा मास्तरांच्या तोंडून येते, त्यामुळे इतरांच्या मनातले वाचकाला त्यांच्याच नजरेतून कळते. ही मर्यादाही नोंदवण्यासारखी आहे.

शब्दांची वाटणी साधारण अशी करावी : कादंबरीची ओळख 50, कथानक 140, आशय 140, पात्रे 120 आणि अभिप्राय 50. मर्यादा ओलांडली, तर कात्री आधी कथानकाला लावावी, कारण गोष्ट मूळ पुस्तकात आहेच. अभिप्रायात ‘सर्वांनी वाचावी’ असे न लिहिता कादंबरी कोणाला भावेल आणि कोणाला संथ वाटेल, हे कारणासह सांगावे. नाट्यमय वळणांची अपेक्षा ठेवणाऱ्या वाचकाला ‘बनगरवाडी’ संथ वाटेल. माणसे निरखण्याची आवड असलेल्याला ती पुरून उरेल.