गच्चीचा फोटो आणि डिसेंबरची सावली

सोलर बसवायचं ठरलं की विक्रेता गच्चीचे फोटो काढून नेतो आणि दोन दिवसांत कोटेशन पाठवतो. त्यात आपल्याच गच्चीवर निळे-काळे पॅनेल झळकत असतात. हे चित्र म्हणजे मूळ फोटोवर केलेलं जोडकाम. ते नीट केलं असेल तर घरमालकाला बरंच सांगतं. घाईत केलं असेल तर नुसतं देखणं दिसतं.

पुण्यातल्या एका बंगल्याची सपाट गच्ची आणि तीन किलोवॉटच्या आसपासची यंत्रणा असं उदाहरण घेऊ. साडेपाचशे वॉटचे सहा पॅनेल लागतील. असा एक पॅनेल साधारण 2.28 मीटर लांब आणि 1.13 मीटर रुंद असतो. मध्ये दोन-दोन सेंटिमीटर फट ठेवून सहा पॅनेल उभे लावले, तर ओळ जवळजवळ सात मीटरची होते. आधी ही ओळ सपाट कागदावर काढावी तशी फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये मापात काढायची. एक मीटरला 200 पिक्सेल धरले तरी पुरतात. मग सगळी ओळ एकत्रच पर्स्पेक्टिव्हच्या साधनाने ताणून फोटोत बसवायची. एकेक पॅनेल वेगळा ताणला की जवळचा लहान, लांबचा मोठा, असा गोंधळ हमखास होतो.

ताणायची कुठवर, तर चार कोपऱ्यांपर्यंत. ते शोधण्यातच खरी गोम आहे. पॅनेल गच्चीला टेकलेले नसतात, लोखंडी स्ट्रक्चरवर दक्षिणेकडे तोंड करून तिरके उभे असतात. कल 15 अंशांचा धरला, तर 2.28 मीटरच्या पॅनेलची मागची कड पुढच्या कडेपेक्षा जवळजवळ 60 सेंटिमीटर उंच जाते आणि जमिनीवरची खोली 2.2 मीटर उरते. म्हणजे पुढची कड 30 सेंटिमीटरवर असेल तर मागची 90 वर. कोपरे गच्चीच्या फरशीवर धरले, तर पॅनेल सतरंजीसारखे अंथरलेले दिसतात. बहुतेक कोटेशनांत नेमकं हेच दिसतं.

यावर सोपा उपाय आहे. फोटो काढतानाच ओळीच्या चार टोकांना काठ्या उभ्या करायच्या, पुढे 30 आणि मागे 90 सेंटिमीटरच्या. फोटोत काठ्यांची टोकं जिथे दिसतात, तेच चार कोपरे. कोन अंदाजाने ठरवावाच लागत नाही. मोबाइलची सर्वांत रुंद लेन्स मात्र वापरू नये. तिने कडेच्या सरळ रेषा वाकतात. उताराच्या पत्र्यावर काम आणखी सोपं, कारण तिथे पॅनेल बहुधा पत्र्याला समांतरच बसतात आणि पत्र्यावरच मापून चार खुणा करता येतात. उतार किती अंशांचा हे मात्र फोटोवर कोनमापक ठेवून ठरवू नये. तिरक्या बाजूने काढलेल्या फोटोत तो कोन बदलून दिसतो.

आता सावली. पॅनेलची फरशीवरची सावली फोटोतल्या इतर सावल्यांच्या दिशेने, त्याच गडदपणाची हवी. काठीची सावली इथेही उपयोगी पडते, कारण दिशा आणि लांबी दोन्ही तीच सांगते. इथवर चित्र खरं वाटायला लागतं. पण फोटोतली सावली ही फक्त त्या घटकेची सावली असते.

पुण्यात मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा काढलेल्या फोटोत टाकीची सावली टाकीखालीच लपते. तीच टाकी 21 डिसेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमाराला पाहा. सूर्य आग्नेयेला, क्षितिजापासून 29 अंशांवर असतो. टाकीचा माथा पॅनेलच्या पुढच्या कडेपेक्षा दीड मीटर उंच असेल, तर त्या पातळीवर सावली वायव्येकडे सुमारे 2.7 मीटर लांब जाते. भर दुपारीसुद्धा ती 1.35 मीटर उत्तरेकडे पडते. टाकीच्या वायव्येला दोन मीटरवर ओळ मांडली असेल, तर थंडीतली सकाळ गेलीच म्हणायची. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे थोडा भाग झाकला तरी वीज त्या भागापेक्षा बरीच जास्त घटू शकते. ओळ टाकीच्या दक्षिणेला सरकवली की हिवाळ्यातला हा प्रश्न मिटतो.

म्हणून प्रस्तावात दोन चित्रं हवीत: एक फोटोच्या वेळेचं, दुसरं डिसेंबरच्या सकाळचं, टाकी, जिना आणि शेजारच्या इमारतीच्या सावल्या मापून काढलेलं. विक्रेत्याने दुसरं दिलं नसेल, तर सही करण्याआधी मागून घ्या. आणि चित्रातले पॅनेल मोजून कोटेशनमधल्या आकड्याशी ताडून पाहा.