सकाळच्या रेडिओचे पहिले चाळीस सेकंद

सकाळी सात वाजता रेडिओ ऐकणारा माणूस रेडिओसमोर बसलेला नसतो. कुणी ओट्यापाशी पोळ्या लाटत असतं, कुणी दाढी करत असतं, कुणी मुलीच्या वेण्या घालत असतं, तर कुणी रिक्षात मागच्या सीटवर असतं आणि रेडिओ रिक्षावाल्याचा असतो. मिक्सर सुरू झाला की निम्मं वाक्य जातं. अशा अर्ध्या कानाने ऐकणाऱ्यासाठी कार्यक्रमाच्या सुरुवातीचं निवेदन लिहायचं असतं. ते बहुधा चाळीस-पन्नास सेकंदांचं असतं. मराठीत सहज गतीने बोललं तर सेकंदाला जेमतेम दोन शब्द होतात, म्हणजे हातात ऐंशी-नव्वद शब्द येतात. त्यात वेळ सांगायची, आपली ओळख द्यायची, आजचा दिवस कसा आहे ते सांगायचं आणि पहिल्या गाण्यापर्यंत पोचायचं.

आकाशवाणीवर ही सुरुवात पूर्वीपासून ठरलेल्या क्रमाने होते. संकेतधून, वंदे मातरम्, सनईची मंगलध्वनी आणि मग उद्घोषणा. मुंबई ब केंद्राची उद्घोषणा ५३७.६ मीटर, अर्थात ५५८ किलोहर्ट्झ हे आकडे सांगत असे. आज ते कोरडे वाटतील, पण श्रोता तेव्हा हाताने काटा फिरवून केंद्र शोधत असे आणि आपण बरोबर जागी आलो का, हे त्याला त्या आकड्यांवरून कळे. त्या सुरुवातीचा प्रत्येक शब्द कुणाच्या तरी कामाचा होता. एफएम आल्यावर आकडे आटोपशीर झाले आणि बोलणं सैल झालं. मात्र मोकळी झालेली जागा अनेकदा कोवळ्या किरणांनी आणि प्रसन्न प्रभातींनी भरून निघाली.

एक उदाहरण घेऊ. नाशिकमधलं एक छोटं एफएम केंद्र. सोमवार, १६ जून, शाळेचा पहिला दिवस. सकाळचा कार्यक्रम सातला सुरू होतो. नव्या निवेदिकेने आदल्या संध्याकाळी पहिला खर्डा लिहिला, तो साधारण असा असतो:

‘सुप्रभात नाशिककर! एका नव्या, प्रसन्न, उत्साहपूर्ण सकाळी आपणा सर्व श्रोत्यांचं मनःपूर्वक स्वागत. सकाळचे ७.०२ झाले आहेत. आज शहरातील शाळा उन्हाळी सुट्टीनंतर पुन्हा सुरू होत असून हवामान खात्याने पावसाची शक्यता वर्तवली असल्याने पालकांनी आपल्या पाल्यांना रेनकोट देऊनच शाळेत पाठवावं.’

यात व्याकरणाची चूक नाही, माहितीही बरोबर आहे. पण पहिले दहा-बारा शब्द कोणत्याही शहरात, कोणत्याही सकाळी चालतील असे आहेत. ‘सर्व श्रोत्यांचं’ म्हटलं की ऐकणारा आपोआप गर्दीत ढकलला जातो, कारण तो तर स्वयंपाकघरात एकटा आहे. शेवटचं वाक्य डोळ्यांनी वाचायला ठीक आहे, कानाला मात्र ते धरवत नाही. ‘असून’ आणि ‘असल्याने’ यांच्या मधोमध कुकरची शिट्टी झाली, तर रेनकोट कशासाठी हे हरवतं. शिवाय त्यात श्वास घ्यायला जागा नाही. ‘प्रसन्न’, ‘पुन्हा’, ‘पावसाची’, ‘पालकांनी’, ‘पाल्यांना’, ‘पाठवावं’ असे ‘प’ ओळीने आले की माइकवर हवेचे धक्के बसतात आणि स्पीकरमधून भप्-भप् आवाज येतो. अनुभवी निवेदक माइकच्या थेट समोर न बोलता किंचित बाजूने बोलतात, ते याचसाठी.

सगळ्यात मोठा धोका मात्र ‘७.०२’ मध्ये आहे. ही वेळ आदल्या संध्याकाळी टाइप झालेली आहे. आधीचं बातमीपत्र वीस सेकंद लांबलं, जाहिरात एक जादा लागली किंवा निवेदिकेने पाणी प्यायला क्षण घेतला, की सात वाजून तीन होतात आणि समोर कागद असल्यामुळे तोंडातून दोनच निघतं. ज्याची बस सात पाचची आहे त्याला एक मिनिट म्हणजे फार असतं. चुकीची वेळ सांगणारा आवाज माणूस दोनदा ऐकतो आणि तिसऱ्यांदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. म्हणून पानावर मिनिटांची जागा रिकामी सोडायची आणि स्टुडिओतल्या घड्याळाकडे बघून ती बोलताना भरायची. हाच कार्यक्रम मोबाइलवर इंटरनेटवरून ऐकणाऱ्याकडे आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, कधी अर्ध्या मिनिटानेसुद्धा. तेव्हा सेकंदांचा आव आणू नये, मिनिट पुरेसं आहे.

वेळ कशी बोलायची, याचाही विचार असतो. मुंबईत लोकलच्या वेळापत्रकाने लोकांच्या कानाला आकड्यांची सवय लावली आहे, तिथे ‘सात बावीस’ लगेच कळतं. नाशिकला, सांगलीला, नांदेडला ‘साडेसातला आठ कमी’ जास्त जवळचं वाटतं, कारण बहुतेक घरांची सकाळ साडेसात, पावणेआठ, आठ अशा खुणांवर चालते आणि अजून किती वेळ उरलाय हेच ऐकणाऱ्याला हवं असतं. मराठी आकडे गोंगाटात एकमेकांसारखे ऐकू येतात, ही अडचण वेगळीच. सदतीस आणि सत्तेचाळीस, एकोणतीस आणि एकोणचाळीस यांत नळ सुरू असताना फरक कळत नाही. म्हणून चांगला निवेदक वेळ दोन तऱ्हांनी सांगतो: ‘सात वाजून सदतीस मिनिटं, साडेसात होऊन गेले बरं का.’ पहिलं हुकलं तर दुसरं सापडतं.

आता तेच पान दुसऱ्यांदा लिहू.

‘सात वाजून ___ मिनिटं. नमस्कार, मी ___. आज सोमवार, शाळेचा पहिला दिवस. / दप्तर भरलंय, डबा झालाय, आणि वॉटरबॅगचं झाकण सापडत नाहीये, असं असेल तर शोधा, अजून वेळ आहे. / बाहेर आभाळ आलंय, पाऊस नाही. रेनकोट दप्तरात वरच ठेवा, तळाशी नको. / द्वारका चौकातून जाणार असाल तर दहा मिनिटं आधी निघा, आज शाळेच्या गाड्याही आहेत. / पंचवटीत आज पाणी सातऐवजी नऊला येईल. पंचवटी, पाणी नऊला. / आणि साडेसातनंतर आपल्याशी बोलणार आहेत एक बाई, ज्या आज पहिल्यांदाच पहिलीचा वर्ग घेणार आहेत. तोवर हे गाणं.’

साधारण ऐंशी शब्द झाले. तिरक्या रेघा श्वासासाठी आहेत. एका वाक्यात एकच गोष्ट आहे आणि क्रियापद लांब गेलेलं नाही. वेळ सगळ्यात आधी आली, कारण सातला रेडिओ लावणाऱ्याला आधी तीच हवी असते. तारीख गळली, तिचं काम शाळेच्या पहिल्या दिवसाने केलं. पाण्याची वेळ दोनदा आली, आणि दुसऱ्यांदा येताना भागाचं नावही पुन्हा आलं, कारण ‘पंचवटी’ ऐकून ज्याचे कान टवकारले त्याने आधीची वेळ ऐकलेलीच नसते. ‘बाहेर आभाळ आलंय’ हे वाक्य मात्र आदल्या दिवशी लिहून ठेवता येत नाही. स्टुडिओला खिडकी नसते. निवेदिकेने केंद्रावर येताना वर बघायचं आणि बसल्यावर ते वाक्य पेनाने भरायचं. बाहेर लख्ख ऊन आणि रेडिओवर आभाळ, हे एकदा झालं तरी श्रोता ते महिनाभर विसरत नाही.

पाणी, वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल हे विषय सकाळच्या निवेदनात इतके का असतात, यामागे नियमही आहे. आपल्याकडे खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने त्यांना आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं प्रसारित करायची मुभा दिली. वाहतूक, हवामान, प्रवेश आणि निकाल, स्थानिक प्रशासनाने दिलेल्या पाणी-विजेच्या सूचना यांना त्याच धोरणाने बातमी न मानता परवानगी दिली. त्यामुळे निवेदिका नऊ वाजता पाणी येईल हे सांगू शकते, पण ते पालिकेकडून आलेलं असावं लागतं. शेजारणीने फोनवर कळवलं म्हणून ते पानावर घेता येत नाही.

या पानावर एका गोष्टीचा आग्रह मी नेहमी धरेन. श्रोत्याला धरून ठेवण्यासाठी पुढे काय येणार त्याची चुणूक द्यायची असते, ते रास्तच आहे. पण ‘पंचवटीत पाणी उशिरा येणार आहे, किती वाजता ते साडेसातला सांगते’ असं कधीही करू नये. ज्याने बादल्या भरायच्या आहेत त्याची वेळ अशी अडकवून ठेवणं हा त्याच्या विश्वासाचा गैरफायदा आहे. बाईंची मुलाखत पुढे ढकलावी, पाणी लगेच सांगावं.

शेवटचं वाक्य गाण्याला जोडायचं असतं आणि इथे मोजमाप काटेकोर होतं. गाण्याची सुरावट सुरू झाल्यापासून गायकाचा पहिला शब्द येईपर्यंतचा वेळ आधी मोजून कागदावर लिहितात. समजा तो चौदा सेकंद आहे. फेडर हळूहळू वर घेत निवेदिका त्या सुरावटीवर बोलू शकते, पण बाराव्या सेकंदाला तिचं बोलणं संपलेलं हवं. बाईंच्या मुलाखतीचं वाक्य इथे बरोबर मावतं. पाण्याचं वाक्य संगीतावर कधी घेऊ नये, आकडा बासरीखाली दबतो.

आणि बिघडतं तेव्हा? बातमीपत्र लांबलं तर पानातलं काय गाळायचं, ते आधी ठरलेलं असतं. त्यावर पेन्सिलीने कंस केलेला असतो. वरच्या पानात कंस वॉटरबॅगच्या वाक्याला पडेल. ते सगळ्यात गोड वाक्य आहे, पण त्यावाचून कुणाचं अडत नाही. उलट, गाणं सुरूच झालं नाही तर? संगणक अडकतो, चुकीची फाइल लागते. अशा वेळी तीन सेकंदांची शांतता स्टुडिओत फार लांब वाटते आणि घरी रेडिओ बंद पडलाय असं वाटून हात बटणाकडे जातो. म्हणून पानाच्या तळाशी दोन ओळी राखीव असतात, आणि त्यात पुन्हा वेळ, पुन्हा पंचवटीचं पाणी. नव्याने काही सुचायची वाट बघायची नाही. पानही एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात छापायचं, टाचणी न लावता. उलटलं की कागदाचा खसखसाट थेट माइकमध्ये जातो.

पान खरं आहे का, हे तपासायची रीत सोपी आहे. ते कुणाला वाचायला द्यायचं नाही. दुसऱ्या खोलीत कुणीतरी भांडी घासत असताना मोठ्याने वाचायचं आणि नंतर विचारायचं: पाणी किती वाजता? उत्तर आलं नाही तर दोष भांड्यांचा नाही.

आठ वाजता पुन्हा निवेदन येतं, तेव्हा हे पान तसंच चालत नाही. मुलं शाळेत गेलेली असतात, रेनकोट आणि झाकण दोन्ही निघतात. द्वारका चौक राहतो, कारण आता ऑफिसची गर्दी आहे. पंचवटीचं वाक्यही राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं: ‘पंचवटीत पाणी यायला अजून एक तास.’