शेवटचा आकडा शून्य

सप्टेंबरात पतसंस्थांच्या वार्षिक सभा आटोपल्या की लाभांश वाटपाची घाई सुरू होते, आणि आमच्या सपोर्टच्या टेबलावरचा फोन खाली ठेवायला मिळत नाही. पतसंस्थांचे हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आमची छोटी कंपनी करते. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं हे माझं काम.

अशाच एका दुपारी सातारा जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या सचिवांची मेल आली. 'लाभांशाची यादी एक्सेलमध्ये उघडली असता नावे खालीलप्रमाणे दिसतात. तातडीने दुरुस्ती व्हावी.' सोबत मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो. जिथे 'कमल' असायला हवं होतं तिथे हे होतं:

```
à¤•à¤®à¤²
```

मी लगेच उत्तर पाठवलं : 'सर, हा एन्कोडिंगचा प्रश्न आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये उघडावी.' वाक्य शंभर टक्के बरोबर होतं, आणि सचिवांच्या उपयोगाचं काहीच नव्हतं. त्यांनी एका क्लार्कला शेजारी बसवलं, ३४० नावं पुन्हा हाताने टाइप करून घेतली, फाइल सेव्ह केली आणि घरी गेले. सकाळी उघडून पाहतात तर कमलच्या जागी तीन प्रश्नचिन्हं : `???`.

तेव्हा कुठे मी तो पहिला फोटो मोठा करून पाहिला. नावांच्या शेजारच्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच मजकूर होता, `1.023E+15`. तो रकाना खाते क्रमांकांचा होता. त्याबद्दल सचिवांनी तक्रारच केली नव्हती.

आधी नावांचं सांगते, कारण ते दिसायला भयंकर असलं तरी निरुपद्रवी आहे. संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो; आणि यूटीएफ-८ या आजच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन आकड्यांनी, म्हणजे तीन बाइटनी लिहिलं जातं. क, म आणि ल मिळून नऊ बाइट झाले. एक्सेलला फाइलवर दोनदा क्लिक करून उघडायला लावलं आणि फाइलच्या सुरुवातीला 'मी यूटीएफ-८ आहे' अशी खूण नसली, तर ते जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने वाचतं. त्या पद्धतीत एका बाइटचं एक अक्षर होतं. म्हणून नऊ बाइटांची नऊ अक्षरं दिसतात. मराठीची जवळपास सगळी चिन्हं पहिल्या दोन बाइटांत सारखीच असतात, त्यामुळे त्या कचऱ्यात `à¤` आणि `à¥` पुन्हा पुन्हा येतात. आम्हा सपोर्टवाल्यांना ते लांबूनच ओळखू येतं. मूळ नाव फाइलमध्ये शाबूत असतं. वाचणारा चुकीचा चष्मा लावून बसलेला असतो, एवढंच.

प्रश्नचिन्हांचं तसं नाही. क्लार्कने खरी मराठी टाइप केली, पण फाइल साध्या सीएसव्ही प्रकारातच सेव्ह झाली. त्या प्रकारात एक्सेल जुनीच पद्धत वापरतं आणि तिच्यात 'क'ला जागाच नाही, म्हणून जिथे जागा नाही तिथे `?`. तीन तासांचं काम तिथे खरोखर पुसलं गेलं.

आता खाते क्रमांक. एक्सेलला जे आकड्यांसारखं दिसतं ते संख्या वाटतं, आणि संख्येचे पहिले १५ अंकच ते जपतं. लाखकोटींच्या बेरजेलाही तेवढे पुरतात. पण काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात, आणि खाते क्रमांक ही संख्या नव्हेच, आकड्यांत लिहिलेलं नाव आहे. त्याची बेरीज कोण करतो? एक्सेलला हे कळत नाही. ते सोळावा अंक टाकून तिथे शून्य ठेवतं, आणि वर रुंदी वाचवायला `1.023E+15` असं आखूड दाखवतं. एक्सेलची ही सवय जगभर छळते. `MARCH1` आणि `SEPT1` अशी जनुकांची नावं ते तारखा समजून बदलायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने असल्या जनुकांचीच नावं बदलून टाकली.

`1.023E+15` असलेली यादी बँकेच्या पोर्टलवर चढवली तर पोर्टल ती बहुधा परत फेकेल. धोका नीटनेटक्या माणसाचा असतो. तो रकाना निवडतो, फॉर्मॅट बदलून `Number` करतो, दशांश काढून टाकतो, आणि समोर छान १६ आकडे येतात : `1023004500012340`. मूळ क्रमांक होता `1023004500012347`. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते. नाव वेगळं आहे म्हणून ती थांबेलच असं नाही. असं खातं नसेल तर पैसे परत येतील. असेल तर कमलबाईंचा लाभांश दुसऱ्याच कुणाच्या खात्यात बसेल.

एवढं समजल्यावर मी दुसरं उत्तर लिहायला घेतलं. गिऱ्हाईक त्याला दिसलेली गोष्ट विचारतो. नावाचा कचरा डोळ्यांत खुपतो, शेवटचं शून्य खुपत नाही. म्हणून क्रम मला उलटा करावा लागला. मेलची सुरुवात अशी होती :

'मा. सचिव साहेब, सप्रेम नमस्कार. ही यादी बँकेकडे अजून पाठवली नसेल तर कृपया थांबावे. पाठवली असल्यास पुढील मजकूर न वाचता आम्हांला फोन करावा व बँकेच्या शाखेलाही लगेच कळवावे. नावांखेरीज खाते क्रमांकांतही बिघाड झालेला आहे. आपल्या सॉफ्टवेअरमधील मूळ नोंदी सुरक्षित आहेत. बिघाड फक्त बाहेर काढलेल्या फाइलमध्ये आहे.'

शेवटचं वाक्य मी दोनदा तपासून, त्यांच्या डेटाबेसमध्ये पाच खाती स्वतः पाहून मगच लिहिलं. सचिवांच्या पोटात गोळा आला असणार तो याच गोष्टीचा.

पुढे दोष कुणाचा ते सांगायचं होतं. आमच्याकडे एक सोयीची पळवाट असते : 'ही एक्सेलची समस्या आहे.' पण ओळखीची खूण फाइलच्या आरंभी घालणं आमच्या हातात होतं आणि आम्ही ती घातली नव्हती. आमच्या मुलांनी तपासणी नोटपॅडमध्ये केली होती, तिथे सगळं सुरेख दिसत होतं. म्हणून मी लिहिलं : 'नावे बिघडण्यास आमची त्रुटी कारणीभूत आहे. खाते क्रमांक बदलणे ही एक्सेलची पद्धत आहे, मात्र त्याची सूचना आम्ही आधी द्यावयास हवी होती.'

मग पायऱ्या. पहिली पायरी दुरुस्तीची नव्हती, निदानाची होती. सॉफ्टवेअरमधून यादी नव्याने काढा, एक्सेलमध्ये अजिबात न उघडता तिच्यावर राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडा. असं दिसायला हवं :

```
1023004500012347,कमल,1250.00
```

नोटपॅडमध्ये नाव आणि १६ अंक नीट असतील तर फाइल चांगली आहे, उघडण्याची रीत बदलायची. तिथेही कचरा असेल तर पुढची एकही पायरी करू नका, तो दोष आतला आहे आणि तो आमच्याकडे आला पाहिजे. या एका पायरीने माझं निम्मं काम होतं.

दुसरी पायरी : कोरी एक्सेल फाइल उघडा, `Data` मध्ये `From Text/CSV` निवडा, यादी दाखवा. समोर येणाऱ्या खिडकीत `File Origin` इथे `65001: Unicode (UTF-8)` करा, `Data Type Detection` इथे `Do not detect data types` करा, मग `Load`. २०१९ आणि त्यापुढच्या एक्सेलात ही खिडकी अशी दिसते. जुन्यात वेगळी येते; म्हणून आवृत्ती कोणती ते मी आधीच विचारलं होतं.

जमलं की नाही हे कसं ओळखायचं? खाते क्रमांक रकान्याच्या डाव्या कडेला चिकटले असतील तर एक्सेलने ते मजकूर म्हणून घेतले. उजवीकडे सरकले असतील तर संख्या म्हणून, म्हणजे फसलं. दुसरी खूण म्हणजे रकाना वरून खाली नजर टाकून पाहणं : १६ अंकी सगळ्याच क्रमांकांच्या शेवटी शून्य असेल तर काहीतरी चुकलंय. या रीतीची किंमतही मेलच्या तळाशी लिहिली : रकमासुद्धा मजकूर होतात, त्यामुळे एक्सेलमध्ये बेरीज शून्य येईल; बेरीज सॉफ्टवेअरच्या अहवालातून घ्यावी.

शेवटी, यानेही जमलं नाही तर पुढे काय. इथे आमच्यात 'वरिष्ठांशी संपर्क साधावा' असं लिहायची पद्धत आहे, आणि तिचा अर्थ 'आमचा पिच्छा सोडा' असा होतो. मी तीन टप्पे लिहिले. आज पाचपर्यंत माझ्याकडे, टिकेट क्रमांकासह. माझ्याने न सुटल्यास डेटाबेस पाहणारे सहकारी उद्या सकाळी अकराला तुमच्या संगणकावर दुरून जोडले जातील. ही वेळ मी त्यांना विचारून लिहिली. तेव्हाही नोटपॅडमध्ये कचरा असेल तर प्रकरण प्रोग्रामरकडे जाईल आणि तोवर बँकेच्या नमुन्यातली यादी आम्ही इथून काढून देऊ. सोबत काय पाठवायचं तेही : न उघडलेली मूळ फाइल, पण दोनच ओळी ठेवून बाकीच्या नोटपॅडमध्ये पुसून. सभासदांची खाती व्हॉट्सॲपवर फिरवू नका, असंही लिहिलं. 'नोटपॅडमध्ये' या शब्दाखाली रेघ मारली, कारण ओळी पुसायला माणूस हमखास एक्सेल उघडतो.

कायमच्या दुरुस्तीची तारीख मी दिली नाही. सुरुवातीची खूण घालायची तर फक्त तीन बाइटांचं काम, `EF BB BF`. पण त्याने नावंच सुधारतात, खाते क्रमांक तसेच बिघडतात. शिवाय बँकांच्या काही पोर्टलना ती अदृश्य खूण चालत नाही. पहिल्या रकान्याचं शीर्षक त्यांना ओळखूच येत नाही. शेवटी दोन वेगळी बटणं करायचं ठरलं : पाहण्यासाठी एक्सेलचीच फाइल, जिच्यात खाते क्रमांक आधीच मजकूर म्हणून भरलेले, आणि बँकेसाठी खुणेविना सीएसव्ही. ते कधी होईल हे प्रोग्रामरने सांगितलेलं नव्हतं, म्हणून मीही लिहिलं नाही.

संध्याकाळी सव्वाचारला सचिवांचं उत्तर आलं. 'नोटपॅडमध्ये नावे ठीक. खाते क्रमांक डावीकडे. यादी बँकेत गेलेली नव्हती. परंतु बेरीज शून्य येत आहे, कृपया तातडीने दुरुस्ती व्हावी.'

मी बेरजेची ओळ तळातून उचलून `Load`च्या आधी नेली आणि तीच मेल नमुना म्हणून जपून ठेवली.